तन्वीच्या आई-बाबांना, पुस्तकांबद्दल

कराड, १४ जुलै २०२५

सप्रेम नमस्कार.

शनिवारच्या पालकसभेत तुम्ही विचारलंत, "बाई, हिला शाळेची पुस्तकं पुरत नाहीत, अजून काय द्यायचं?" तुमच्या मागे रांग होती, म्हणून लिहून पाठवते म्हटलं. दोन दिवस विचार केला आणि आज बसले.

तुम्ही होमी भाभा परीक्षेची गाइडं आणायचं म्हणत होतात. जरूर आणा, तिला मजा येईल. पण ती आठवड्यात संपवेल आणि तुम्ही पुन्हा मला हेच विचाराल. अवघड गणितं मीही तिला वर्गात देतेच. तिला कमी पडतेय ती सोबत. हे तुम्हाला सभेत सगळ्यांसमोर सांगणं बरं दिसलं नसतं.

एक प्रसंग सांगते. आमच्या व्हरांड्यात मनीप्लँटच्या वेलात बुलबुलाने घरटं केलंय. मधल्या सुट्टीत तन्वी डबा मांडीवर घेऊन समोरच्या पायरीवर बसते आणि वहीत नोंदी करते. रकाने आखलेत: तारीख, वेळ, पाऊस आहे की नाही, चोचीत काय आणलं. मागच्या मंगळवारी पंचवीस मिनिटांत नऊ खेपा लिहिल्या होत्या. रेहान तिच्याजवळ गेला, वाकून बघितलं, "काय लिहितेस गं?" ती म्हणाली, "तुला नाही कळणार." तो खांदे उडवून निघून गेला. तन्वी मात्र तो गेला त्या बाजूला बघत राहिली. मधे बुलबुल पुन्हा येऊन गेला, तो तिने लिहिलाच नाही.

मी दोघांनाही काही बोलले नाही. पण पुस्तकं निवडताना हाच प्रसंग डोळ्यांसमोर होता. वाचून झाल्यावर ज्याबद्दल कुणाशी तरी बोलावंसं वाटेल, अशीच पुस्तकं काढलीत.

पहिलं नाव वाचून तुम्हाला वाटेल, हे तर फार सोपं आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा किडकिडीत बन्या, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल हाणतो आणि 'टॉक्' करतो. तन्वी एक पुस्तक एका दुपारी संपवेल, संपवू दे. मी हे पहिलं ठेवलंय कारण रेहान सध्या तेच वाचतोय. वर्गाच्या पेटीतली तिसरी प्रत त्याच्याकडे आहे. दोघांनी एकच पुस्तक वाचलं असलं की डबा खाताना बोलायला विषय लागत नाही. पुस्तक तिच्या पातळीचं नाही म्हणून कृपा करून हसू नका, निदान तिच्यासमोर तरी.

दुसरं, प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. संत आपल्या कराडचेच, इथे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. तन्वी प्रीतिसंगमावरून दगड गोळा करून आणते, तेव्हा हे तिला आवर्जून सांगा. यातला लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. आजूबाजूला माणसं भरपूर, माया भरपूर, पण डोक्यात जे चाललेलं असतं ते त्याला कुणाला नीट सांगता येत नाही, मग सगळं 'मॅड' होऊन जातं. तन्वीला हा मुलगा ओळखीचा वाटेल असा माझा अंदाज आहे. पुस्तक खास मुलांसाठी लिहिलेलं नाही, काही जागा तिला आत्ता कळतील, काही चार वर्षांनी. म्हणून हे तिच्या हातात नुसतं देऊ नका. रात्री आजोबांना एकेक कथा मोठ्याने वाचायला सांगा. त्यांचा आवाज छान आहे, स्नेहसंमेलनात ऐकलाय. आवडलं तर पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' आहेतच.

तिसरं, 'तोत्तोचान'. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा आहे. तो आधी तुम्ही दोघांनी वाचावा. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली जपानी मुलगी, नवी शाळा आगगाडीच्या डब्यांत भरणारी, आणि पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकणारे मुख्याध्यापक कोबायाशी. मला आमच्या बेचाळीस मुलांच्या वर्गात चार मिनिटं मिळाली तरी खूप, हे वाचताना दर वेळी चरफडायला होतं. एक सावधगिरी: तोत्तोचानचा पोलिओ झालेला मित्र यासुआकी पुस्तकात वारतो. त्या पानांवर तन्वी असेल तेव्हा घरात कुणीतरी आसपास असा.

आता नारळीकर. सर मे महिन्यात गेले तेव्हा तन्वीने वर्गात त्यांच्याबद्दल विचारलं होतं असं तुम्ही सांगितलंत, म्हणजे तिला नाव माहीत आहे. 'यक्षांची देणगी' या विज्ञानकथा तिला द्याच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं आत्मचरित्र, 'चार नगरांतले माझे विश्व'. जाडजूड आहे, सगळं आत्ताच नको, सुरुवातीचा बनारसचा भाग पुरे. तिथे त्यांच्या घरी राहायला आलेले मोरूमामा फळ्यावर एखादं गणित लिहून ठेवायचे, वर शीर्षक: 'जेव्हीएनसाठी चॅलेंज प्रॉब्लेम'. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. सुटेपर्यंत गणित फळ्यावर तसंच. हे वाचून 'बघ, किती हुशार होते' एवढंच तिला सांगितलंत तर मजा गेली. मामा आणि भाचा यांच्यातला तो खेळ होता. तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक छोटा फळा लावा. गणितच हवं असं नाही. आई, तुम्ही शिवणकाम करता, एका कापडातून जास्तीत जास्त तुकडे कसे निघतील हा प्रश्न रोज तुमच्यासमोर असतो. तोच फळ्यावर टाका. आणि अधूनमधून तिला तुमच्यासाठी लिहू द्या. तुम्हाला आलं नाही तर फारच उत्तम.

बुलबुलांच्या वहीसाठी किरण पुरंदरे यांचं 'सखा नागझिरा' सुचवते. जंगलात मुक्काम ठोकून केलेल्या नोंदी आहेत, आपल्यासारखं वेड लागलेलं मोठं माणूसही असतं हे तिला दिसेल. शिवाय बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासूनचे अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. फोनवर मात्र नको, अंक घरी लावा.

थोर माणसांची चरित्रं सध्या थांबवा असं सुचवीन. तिला बक्षिसात 'एक होता कार्व्हर'च्या दोन प्रती मिळाल्यात. पुस्तक सुंदरच आहे, पण एकट्याने झगडून मोठं झालेल्या माणसांच्या गोष्टी तिने पुष्कळ वाचल्यात. दुसरी प्रत माझ्याकडे पाठवलीत तर वर्गाच्या पेटीत ठेवेन, त्यावर तिचं नाव घालून. मग ज्याला हवी तो तिच्याकडे मागायला येईल.

'वनवास' आणि 'तोत्तोचान' नगरवाचनालयात बघा, नाही मिळाली तर माझ्या प्रती देते. फास्टर फेणे बुधवारी तिच्या दप्तरात असेल. बुलबुलाची पिल्लं या आठवड्यात उडतील असं तिनेच मला सांगितलंय. त्या दिवशी मोजायला दुसरं कुणीतरी लागेल, एकटीला जमणार नाही, असं मी तिला म्हटलं आहे. कुणाला विचारायचं ते तिचं तिला ठरवू दे. घरी तुम्ही विषय काढू नका.

आपली,
शुभांगी माने
वर्गशिक्षिका, सहावी ब