रुग्णवाहिका सेवा : चालू अंदाजपत्रक, १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७

न्यासाचे कार्यालय, रामबाग, इंदूर
सर्व विश्वस्तांस मंजुरीसाठी सादर

महिन्याला शहरात ८० फेऱ्या, प्रत्येकी १५ किलोमीटर, आणि देवास, महू, उज्जैनकडे मिळून ६०० किलोमीटर, असे धरून वर्षाचे २१,६०० किलोमीटर होतात. फेरी म्हणजे गाडी ठाण्यावरून निघून परत येईपर्यंत, म्हणून रिकामे अंतरही त्यात आले.

खर्च (रु.)

| बाब | वर्षाचा खर्च |
|---|---|
| डिझेल : २,४०० लिटर, ९५ रु. दराने | २,२८,००० |
| दोन चालक, दरमहा प्रत्येकी १७,००० | ४,०८,००० |
| रजेच्या दिवसांचा बदली चालक : ४८ दिवस, ७०० रु. रोज | ३३,६०० |
| दिवाळी बोनस, एक पगार | ३४,००० |
| सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, ब्रेक-क्लच | ७०,००० |
| ऑक्सिजन भरणे, स्ट्रेचर, निर्जंतुकीकरण | ३०,००० |
| विमा, फिटनेस, पीयूसी, फोन | ५०,००० |
| नव्या गाडीसाठी राखीव | ६०,००० |
| एकूण | ९,१३,६०० |

डिझेल लिटरला ९ किलोमीटर धरले आहे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या आणि रंगपंचमीची गेर असते तेव्हा राजवाड्याचे रस्ते बंद होतात आणि गाडीला मोठा वळसा पडतो. त्या दोन्ही दिवशी दोघेही चालक कामावर हवेत. बदली चालकाची तरतूद कमी करू नये, अशी माझी विनंती आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी पुन्हा गाडीवर बसवणे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे.

राखीव रक्कम वेगळ्या खात्यात जाईल. ती दुरुस्तीसाठी काढायची नाही.

शुल्क आणि सवलत

शहरातील फेरीला ४०० रुपये, बाहेर किलोमीटरला १६ रुपये. सर्वांनी पूर्ण शुल्क भरले तर शहराचे ३,८४,००० आणि बाहेरचे १,१५,२०० मिळून ४,९९,२०० रुपये येतील. आता सवलत :

पूर्ण माफी, २४० फेऱ्या : ९६,०००
अर्धी माफी, ३१२ फेऱ्या : ६२,४००
बाहेरगावच्या १,४४० किलोमीटरची माफी : २३,०४०
एकूण सवलत : १,८१,४४०
हाती येणारे शुल्क : ३,१७,७६०

पूर्ण माफी मुख्यतः एमवाय रुग्णालयातून सुट्टी मिळालेल्या गरीब रुग्णांसाठी आहे. तातडीच्या वेळी १०८ येते, तीही विनामूल्य. पण बरे वाटून घरी निघालेल्या, तरीही उठून रिक्षात बसता न येणाऱ्या माणसाला आपल्याच गाडीची गरज असते. अर्धी माफी सध्या डायलिसिसच्या एकाच रुग्णाची आहे. आठवड्याला तीन वेळा, जाऊन-येऊन सहा फेऱ्या, म्हणजे वर्षाच्या ३१२. असा दुसरा रुग्ण आला तर सवलत आणखी ६२,४०० रुपयांनी वाढेल. त्याला नाही म्हणायचे की निधी उभारायचा, हे आत्ताच ठरवू या. तो दारात आल्यावर नको.

यापुढे सवलतीच्या प्रत्येक फेरीची पावती पूर्ण शुल्काची फाडावी आणि माफी वेगळ्या खात्यावर खर्ची टाकावी. आजवर माफ केलेली फेरी वहीत नुसती कोरी राहायची, त्यामुळे वर्षअखेरीस गाडी ‘चालत नाही’ असे वाटायचे. गाडी भरपूर चालते. आपण ती कोणासाठी चालवतो, ते हिशोबात दिसले पाहिजे. माफीचा निर्णय चालकाने घ्यायचा नाही. तो कार्यालयातून फोनवर मिळेल, रात्री त्या आठवड्याच्या जबाबदार विश्वस्ताकडून. पैसे नाहीत म्हणून गाडी थांबणार नाही, कागद दुसऱ्या दिवशी होतील.

हेही लक्षात घ्यावे : राखीव सोडून खर्च किलोमीटरला साधारण साडेएकोणचाळीस रुपये पडतो. म्हणजे शहरातील एका फेरीला सुमारे ५९० रुपये लागतात आणि आपण ४०० घेतो. पूर्ण शुल्क भरणाऱ्यालाही न्यास मदत करतोच आहे. तरी दर वाढवावा असे मी सुचवत नाही.

तूट आणि तिची भरपाई

खर्चातून शुल्क वजा जाता ५,९५,८४० रुपये उभे करायचे आहेत. ठेवींचे व्याज १,८०,०००, श्राद्ध आणि वाढदिवसांच्या देणग्या २,२५,०००, गणेशोत्सवातील निधी ७५,०००. यानंतर उरतात १,१५,८४०.

ही रक्कम सवलत कापून भरू नये. दिवसाचे डिझेल सरासरी ६२५ रुपयांचे होते. ‘एका दिवसाचे डिझेल’ अशी देणगी ठेवली, तर १८६ देणगीदारांत १,१६,२५० रुपये जमतात. सुदामानगर, लोकमान्यनगर, नारायणबागेतील आपल्या घरांतूनच हे होऊ शकते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठ्या रकमा चेकने किंवा बँकेतून घ्याव्यात.

डिझेलचा दर १०० रुपयांवर गेला किंवा सवलत तिमाहीत ५०,००० च्या पुढे गेली, तर विश्वस्तांची बैठक आठ दिवसांत बोलवावी.

कोषाध्यक्ष