कामाचा वार्षिक आढावा : गुरुवार, 16 जुलै, सकाळी 11 ते 11.50

ताई, नमस्कार.

हंगाम संपला, मशिनं धुऊन झाली, म्हणून आता दरवर्षीप्रमाणे सगळ्या नऊ पर्यवेक्षकांचे आढावे लावले आहेत. क्रम फक्त शिफ्टच्या सोयीने ठरला आहे. त्यात तुमचा चौथा आला, याला दुसरं काही कारण नाही. ही कारवाईची बैठक नाही आणि कुणाची तक्रारही आलेली नाही. तसं काही असतं तर मी ते वेगळ्या पत्राने, कारण लिहून कळवलं असतं.

वरच्या मजल्यावरच्या प्रशिक्षणाच्या खोलीत बसू. साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर थांबलं की पॅकिंगमधल्या चार जणींच्या नजरा वळतात, ते नको. खोलीत तुम्ही आणि मी, दोघंच. एचआरचं कुणी नसेल. त्या वेळात तुमची लाईन सहाय्यक पाहील, आणि मी फोन बंद ठेवीन.

काय बोलायचं ते आताच सांगतो, म्हणजे तिथे नवं काही ऐकायला मिळणार नाही. पहिली पंधरा मिनिटं तुमची. काय चांगलं झालं, कुठे अडलं, ते तुम्ही सांगायचं. त्यानंतर माझ्याकडून दोन मुद्दे.

पहिला, पल्पची तपासणी. रायपनिंग चेंबरमधून हापूस कच्चा बाहेर आला की ब्रिक्स 16 च्या खाली जातो आणि अख्खी बॅच अडते. तुम्ही चेंबरच्या दाराशीच प्रत्येक लॉटमधले थोडे आंबे कापून रिफ्रॅक्टोमीटरवर पाहायला लागलात, तेव्हापासून अशा बॅच पल्परपर्यंत पोहोचतच नाहीत. ही पद्धत पुढच्या हंगामात दोन्ही शिफ्टना लावायची आहे. ती इतरांना कशी शिकवायची, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे.

दुसरा मुद्दा अवघड आहे. 22 ते 24 मे, दुसरी शिफ्ट. डबे नुसते बघून होणारी तपासणी दर अर्ध्या तासाला लिहिलेली आहे, पण डबा फोडून सीम मोजायची नोंद तिन्ही दिवशी एकेकच आहे. चार तासांनी एक या हिशेबाने आठ तासांत दोन हव्यात. मधल्या वेळात सीमर सरकला असता, तर बॉडी हुक आणि कव्हर हुक एकमेकांत किती बसलेत ते डोळ्यांना कळत नाही. डबा गोदामात फुगतो तेव्हाच कळतं. त्या तीन दिवशी वळवाच्या पावसामुळे आंब्याच्या गाड्या एकदम आल्या होत्या आणि तुमचा तपासनीस उतरवणीला गेला होता, असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाजच. खरं काय झालं ते तुम्हीच सांगू शकाल. माणूस कमी पडला असेल तर उपाय माणसाचा करावा लागेल, आणि तो माझ्या हातात आहे.

तयारीसाठी अर्धं पान पुरे. वर्षातली दोन कामं जी नीट झाली, एक जे मनासारखं झालं नाही, आणि पुढच्या हंगामासाठी काय हवं : माणूस, साहित्य की प्रशिक्षण. मुद्दे मराठीतच लिहा, हाताने लिहिलेत तरी चालेल. हे काम घरी नेऊ नका. बुधवारी, 15 तारखेला दुपारी 3 ते 4 तुम्हाला लाईनवरून मोकळं केलं आहे. मे महिन्याचं सीम रजिस्टर आणि गेल्या वर्षी ठरलेल्या उद्दिष्टांचा कागद लॅबच्या टेबलावर ठेवतो. माझे गुण भरलेला फॉर्मही 14 तारखेला बंद पाकिटात देईन. तो आधी वाचा. गुण पहिल्यांदा समोरासमोर कळले की पुढचं बोलणं कानात शिरत नाही.

फॉर्मवरची सही म्हणजे 'वाचलं' एवढंच, 'पटलं' असं नाही. न पटलेलं शेरा रकान्यात लिहा. त्यासाठी बैठकीनंतर सात दिवस आहेत.

पगारवाढीचा निर्णय या बैठकीत होत नाही. ते पत्र ऑगस्टमध्ये सगळ्यांना एकाच दिवशी मिळतं. बैठकीत आकडा विचारलात तर मला सांगता येणार नाही, म्हणून आताच सांगून ठेवतो.

वेळ जमत नसेल तर शुक्रवारी 17 ला सकाळी 11 किंवा सोमवारी 20 ला दुपारी 2.30, यातली एक निवडा. कारण द्यायची गरज नाही, बुधवारी 8 तारखेपर्यंत मेसेज केलात की झालं. बैठकीच्या दिवशी पाऊस जोराचा असला आणि पावसकडून येणारी एसटी भाट्ये पुलाअलीकडे अडकली, तर धावपळ करू नका. फोन करा, तीच वेळ दुसऱ्या दिवशी धरू.

मधल्या काळात काही शंका आली तर दुपारच्या चहाच्या वेळी लॅबमध्ये विचारा. ती 16 तारखेपर्यंत राखून ठेवायची गरज नाही.

उत्पादन व्यवस्थापक
फळप्रक्रिया विभाग, रत्नागिरी
6 जुलै 2026