सोनं घ्या, सोन्यासारखे रहा

नमस्कार मंडळी, दसऱ्याच्या खूप खूप शुभेच्छा!

लिफाफ्यात आपट्याचं एक पान आहे, ते सोनं म्हणून दिलंय. सोबत ही चिठ्ठी जरा मोठीच झालीय, पण चहा घेता घेता वाचून होईल, आणि ज्यांना मराठी वाचायला जड जातं त्यांना घरातल्या पोरांनी वाचून दाखवा प्लीज.

लिहायला बसले त्याचं कारण सांगते. गेल्या दसऱ्याला मी नेहमीसारखी मजल्यामजल्यावर पानं द्यायला गेले होते, तेव्हा नव्याने राहायला आलेल्या एका घरातल्या छोट्याने पान हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, मावशी, याचं करायचं काय? त्याची आई बिचारी ओशाळली, पण प्रश्न अगदी बरोबर होता त्याचा. आपण पान हातात देतो, "सोनं घ्या, सोन्यासारखे रहा" म्हणतो आणि लिफ्टमध्ये शिरतो, का देतो ते कोणी सांगतच नाही. चाळ होती तेव्हा सांगावं लागायचं नाही, बघून कळायचं. आता बावीस मजले आहेत, दारं बंद असतात, तर सांगायला हवं.

गोष्ट अशी आहे. वरतंतू नावाचे ऋषी होते, त्यांचा शिष्य कौत्स. शिकून झाल्यावर तो म्हणाला गुरुदक्षिणा काय देऊ, गुरू म्हणाले काही नको, तू मनापासून सेवा केलीस तीच पोचली. पण हा हट्टालाच पेटला, शेवटी गुरू चिडले आणि म्हणाले, चौदा विद्या शिकलास ना, मग आण चौदा कोटी सोन्याच्या मोहरा! आता कौत्स कुठून आणणार, तो गेला अयोध्येला रघुराजाकडे, म्हणजे श्रीरामांच्या पणजोबांकडे. आणि रघुराजाने नुकताच विश्वजित यज्ञ करून होतं नव्हतं ते सगळं दान करून टाकलेलं. सोन्याचं भांडं उरलं नव्हतं म्हणून त्याने मातीच्या भांड्यातून पाणी देऊन कौत्साचं स्वागत केलं. कौत्साने ते भांडं बघितलं आणि तो काही न मागता परत निघाला. रघू म्हणाला, माझ्या दारातून कोणी विन्मुख जायचा नाही, दोन-तीन दिवस थांब. आणि त्याने कुबेरावर स्वारीची तयारी केली. कुबेराला कळलं आणि त्याने त्याआधीच सोन्याचा पाऊस पाडला. कालिदासाच्या रघुवंशात हे सोनं राजाच्या कोषागारात पडतं, पण आपल्या घराघरांत जी गोष्ट सांगतात तिच्यात ते गावाबाहेर आपट्याच्या आणि शमीच्या झाडांवर पडतं, आणि मला तीच आवडते. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतले, एक मोहर जास्त नाही, राजा म्हणे सगळं तुझं, कौत्स म्हणे मला लागतं तेवढंच मी घेणार, गुरूंना द्यायचंय, मला काय करायचंय जास्तीचं. मग उरलेलं सोनं लोकांनी लुटलं. म्हणून आपण अजून "सोनं लुटायला जाऊ" असं म्हणतो.

शमीची गोष्ट वेगळी. पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली होती, म्हणून दसऱ्याला शमीची पूजा आणि शस्त्रांची पूजा. आणि सीमोल्लंघन म्हणजे शीव ओलांडणं. पाऊस संपलाय, नद्या उतरल्यात, पहिलं पीक हाताशी आलंय, की मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला मोहिमेवर निघायच्या. आमचं चाळीतलं सीमोल्लंघन म्हणजे रेल्वेचा पूल ओलांडून पलीकडच्या देवळात जायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं. आल्यावर आई दारातच औक्षण करायची, मग पानं देवापुढे, मग आजीच्या हातात, आणि मग आम्ही पोरं सुटायचो.

तळमजल्यापासून तिसऱ्या माळ्यापर्यंत ऐंशी खोल्या. प्रत्येक खोलीत मोठ्यांच्या हातावर पान ठेवायचं, वाकून नमस्कार करायचा, समवयस्कांनी गळाभेट घ्यायची, ते परत आपल्या हातावर पान ठेवायचे आणि तोंडात काहीतरी गोड. गंमत म्हणजे मुठीत जेवढी पानं घेऊन निघालो तेवढीच घेऊन परत यायचो, फक्त आपली नसायची, सगळ्यांच्या घरची मिसळलेली असायची. त्या वर्षभरात ज्यांच्याशी नळावरून भांडण झालेलं असेल त्यांच्याकडे तर आई मुद्दाम आधी पाठवायची. पान नको कोण म्हणणार दसऱ्याला?

आता ज्या दसऱ्यासाठी ही चिठ्ठी खरी लिहितेय तो सांगते. १९८२ चा. माझे बाबा साचेवाले होते, म्हणजे मिलमध्ये विणकाम खात्यात साचा चालवायचे. मिलमधला दसरा काय असायचा ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच ठाऊक, साच्यांना झेंडूच्या माळा, कुंकू, नारळ, आणि त्या दिवशी आम्हा घरच्यांना आत जाऊन बाबांचा साचा बघायला मिळायचा. त्या वर्षी १८ जानेवारीला संप सुरू झालेला, दसऱ्यापर्यंत नऊ महिने पगार नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले, अख्खं गिरणगाव तसंच. मला आठ वर्षं होती. घरातली तांब्याची भांडी एकेक करून गेलेली, बरेच जण गावाला निघून गेलेले, चाळीत अर्ध्या खोल्यांना कुलूप. दसऱ्याला श्रीखंड नाही, नवे कपडे नाहीत, तोरणापुरता झेंडू पण महाग वाटत होता. मी आईला म्हटलं, या वर्षी नको जाऊया सोनं द्यायला, आपल्याकडे गोड काहीच नाही. आईने उत्तर दिलं नाही, पानांची जुडी सोडली, निवडली, कीड लागलेली बाजूला काढली, ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं आणि मला म्हणाली चल.

त्या संध्याकाळी कुठल्याच घरात पेढा नव्हता, सगळ्यांनी साखर ठेवली हातावर, काहींनी गूळ. आणि तरी चाळीत जेवढी कुलपं नव्हती तेवढ्या सगळ्या दारांतून पान आलं. बाबा बाहेर गॅलरीत बसले होते, त्यांच्या खात्यातले मुकादमकाका आले, दोघांनी एकमेकांच्या हातावर पान ठेवलं आणि गळाभेट घेतली ती बराच वेळ सोडलीच नाही. मी नंतर मोठी झाल्यावर कौत्साची गोष्ट नीट वाचली तेव्हा मला ते मातीचं भांडं दिसलं की आमची ती गॅलरी आठवते. रघुराजाकडे पण काहीच नव्हतं ना त्या दिवशी.

म्हणून कोणी मला म्हणालं की ताई हल्ली सोन्याचा मुलामा दिलेली पानं मिळतात, बॉक्समध्ये येतात, छान दिसतात, तर मी नको म्हणते. छान दिसत असतील. पण मग ज्याच्याकडे पैसे तोच देणार, आणि या सणात देणाऱ्याकडे काही असावंच लागत नाही, झाडाचं पान पुरतं.

पान ओळखायला शिका एवढी विनंती मात्र आहे. मुंबईत आपटा म्हणून बराच कांचन विकला जातो. दोघे एकाच कुळातले, पान दोघांचं दोन पाळ्यांचं, त्यामुळे फसायला होतं. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड, हाताला खरखरीत आणि मागून करडं. कांचनाचं मोठं, लांबट, मऊ. रस्त्याकडेला जांभळट गुलाबी मोठी फुलं येतात ना, तो कांचन. आपट्याची फुलं बारीक, पिवळट पांढरी, कोणाचं लक्षही जात नाही. याच पानांच्या विड्या वळतात आणि सालीचे दोर करतात, म्हणजे गरिबाच्या कामाचं झाड. संस्कृतमध्ये अश्मंतक, पूजेत म्हणतात "अश्मन्तक महावृक्ष महादोषनिवारण".

ही पानं दादर स्टेशनबाहेरून आणलीत, जव्हारकडच्या एक मावशी दरवर्षी तिथे बसतात, पहाटेच्या गाडीने येतात, सोबत झेंडू, भाताच्या लोंब्या, आंब्याचे टाळे. त्या म्हणाल्या, आम्ही शेंडे तेवढे घेतो, फांदी नाही मोडत, मोडली तर पुढच्या वर्षी काय आणू? पण सगळे असं करत नाहीत, अख्ख्या फांद्या उतरवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जुडीच्या जुडी आपल्या कचऱ्याच्या डब्यात असते, मला ते बघवत नाही. म्हणून यंदा घराला एकच पान. हेच पान तुम्ही पुढे कोणाला दिलंत तरी चालेल, मला तर आवडेलच, चाळीत तसंच फिरायचं. उरलं तर देवापाशी किंवा वहीत ठेवा, वाळल्यावर कुंडीत घाला.

पाचव्या मजल्यावरचे दादा आणि वहिनी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर असतात. १९५६ साली १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. दादा, तुमचं पान मी फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात ठेवलंय, आलात की स्वतः देईन.

संध्याकाळी सात वाजता खाली पार्किंगजवळ सगळे भेटूया, ज्यांना जमेल त्यांनी. आधी पाटीवर मुलांनी एकड्यांची सरस्वती काढायची, पाटी आणि पेन्सिली मी आणते, मग सोनं द्यायचं. वॉचमनकाका, लिफ्टवाले दादा, झाडूवाल्या ताई यांना पहिलं. खायला साखरच ठेवलीय, मुद्दाम.

आणि गेल्या वर्षी ज्याने मला विचारलं होतं, याचं करायचं काय, त्या बाळा, तुझ्या लिफाफ्यात दोन पानं आहेत. एक तुझं. दुसरं तू समोरच्या दारातल्या आजोबांना नेऊन दे, ते एकटे असतात, बेल वाजवल्यावर यायला त्यांना वेळ लागतो, तेवढं थांब.

सोनं घ्या, सोन्यासारखे रहा!

तुमची सुनंदाताई
बी विंग, अकरावा मजला

ता. क. गेटजवळ केबिनच्या मागे पावसाळ्यात लावलेलं गुडघ्याएवढं रोप आहे ना, ते आपट्याचंच आहे. त्याची पानं यंदा कोणी तोडू नका प्लीज, आणि लिफाफ्यातलं पान फाटलेलं निघालं तर सांगा, दुसरं देते.