सळीखालची जागा

सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याच्या खिशातून सुट्टे कसे काढायचे, हे 16 वर्षांच्या कंडक्टरकीत सुलभाला पक्कं ठाऊक झालं होतं. तोंडाने 'काका', 'मावशी' म्हणायचं आणि हात पुढे धरायचा. पैसे पडेपर्यंत हात मागे घ्यायचा नाही, बडबडही करायची नाही. पण आचऱ्याला स्वतःच्या पाच गुंठ्यांत जोतं उभं राहिलं आणि तिचा तो हात कुठे गेला कोण जाणे.

स्वयंपाकघराची भिंत तिला पहिल्या दिवसापासून बाहेर झुकलेली वाटत होती. एकदा धीर करून म्हणाली, "तातूकाका, भिंत जरा बाहेर आली नाही ना?"

तातू गवंड्याने थापीवरचा माल झटकला. "बाय, मी तीस वर्सां चिरे लावतंय."

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

त्या 'सहज'ची किंमत पुढे गिलाव्याला कळली. कोपऱ्यात दोन बोटं जाड थर द्यावा लागला. ओळंबा तिथेच खुंटीला लटकत होता, एकदा सोडून बघितला असता तर? पण तो मागायचा कसा, हेच तिला सुचलं नव्हतं.

मग वाळूचा ट्रक आला. तिने चिमूट जिभेवर ठेवली, खारट लागली. वाळूवाला म्हणाला, पावसाने धुऊन जाईल. मार्च महिना चालू होता. या वेळी 'सहज' म्हटलं नाही, पण आवाज कापला. "परत न्या. येण्याजाण्याचं भाडं मी देते." भाडं खरंच गेलं, आणि त्या रात्री तिला छान झोप लागली.

स्लॅबच्या आदल्या दिवशी ड्युटी संपवून ती शिडीने वर चढली. सळ्यांची जाळी बांधून झाली होती. ती उकिडवी बसली आणि मोजपट्टी खाली सरकवू लागली. सरकेना. सळी फळीला टेकलेली.

"तातूकाका, सळीखाली जागा किती ठेवलीय?"

"असता ती."

"किती?"

"माल ओततानाच हुकान वर ओढतोंव. दरवेळी तसाच करतो, बाय."

"तुम्ही ओढाल, पण ओढलेली परत खाली बसली तर वरून दिसणार कसं?"

तातूकाकांनी बिडी पेटवली. खाली मजूर गप्प झाले. सुलभाच्या जिभेवर 'सहज' येऊन बसला होता, तो तिने गिळला.

"आमच्या क्वार्टरमध्ये मी बारा वर्षं राहिले, काका. समुद्राचा वारा. माझ्या खाटेवर छताचा पोपडा पडला, आतली सळी गंजून पापडासारखी सुटत होती. बाहेर काँक्रीट होतं बोटभरसुद्धा नाही. इंजिनीअरसाहेबांनी नकाशात 30 मिलिमीटर लिहिलंय. तेवढं झाल्यावर ओतूया."

"मिक्सरवाल्याक सांगान झाला. मजूर उद्या येतले."

"त्यांचा उद्याचा रोज मी देते. तुम्ही चूक करताय असं मी म्हणत नाही. मला फक्त 30 दिसले पाहिजेत."

एवढं बोलून ती थांबली. मोजपट्टी पुढे धरलेलीच होती. बिडी संपली, तातूकाकांनी ती विझवली, खाली एक कुत्रा उगाच भुंकला. पूर्वीची सुलभा या शांततेत काहीतरी बोलली असती, हसली असती, चहा मागवला असता. ती गप्प राहिली.

"सळीखाली घालूचे कव्हर ब्लॉक हंय मेळणत नाय," ते शेवटी म्हणाले. "मालवणातसून आणूचे लागतले."

"मी उद्या गाडीतून आणते. किती लागतील?"

त्यांनी जाळीकडे बघून बोटांवर हिशेब केला.

दुसऱ्या संध्याकाळी ती पोतं घेऊन आली. ड्रायव्हर म्हणाला, आपलंच सामान, तिकीट कसलं? तिने स्वतःचंच सामानाचं तिकीट फाडून पैसे पिशवीत टाकले. तातूकाका फाट्यावर उभे होते. काही न बोलता पोतं खांद्यावर घेतलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब ओतायला घेतला. ती चारला उठून आली होती, पहिल्या फेरीआधी बघायला. मिक्सरचा आवाज, घमेल्यांची रांग, आणि वरून तातूकाकांचा ओरडा:

"अरे, ब्लॉक लाथेन हलवू नकात! बाय इचारतली!"

तिने वर बघितलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, वाकून एक सळी चाचपत होते.

"काका, ओळंबा द्या ना जरा," तिने हाक मारली. "गाडीला वेळ आहे, तोवर स्वयंपाकघराची भिंत बघते."

"ती झाली गे, आता कित्याक?"

"बघते तरी."

खुंटीवरून दोरा सुटला आणि ओळंबा खाली आला.