विषय: रात्रीच्या बिलिंग रनला शून्य इनव्हॉइस मिळाली – कारण सापडलंय, ५:४५ ला परत लावायला ओके हवाय

सर,

आधी मुद्द्याचं सांगतो. डेटा कुठेही गेलेला नाहीये, जूनची ११,८४२ इनव्हॉइस टेबलात जशीच्या तशी बसलेली आहेत, मी स्वतः मोजलीत. रनने ती बघितलीच नाहीत कारण तो मे महिन्यात शोधत बसला. कुठल्याही ग्राहकाला चुकीचा एसएमएस गेलेला नाही, इनव्हॉइस नंबरही एकसुद्धा वापरला गेलेला नाही. तुम्हाला दोनदा रिंग दिली, झोपला असाल म्हणून मेल टाकतोय, आत्ता ४:२० झालेत.

झालं असं की मंथली बिलिंगचा जॉब नेहमीप्रमाणे १२:३० ला सुटला आणि चार सेकंदात हिरवा झाला. एरवी याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. इथे माझी चूक आहे, मी हिरवा टिक बघितला आणि पुढच्या जॉबकडे वळलो, बॅकअपची टेप अडकली होती त्यात तासभर गेला. दोन वाजता पीडीएफचा फोल्डर उघडला तर रिकामा, तेव्हा लॉग काढला:

```
[sched] BILL_MONTHLY start 2025-07-01 00:30:02 IST
[bill]  date=2025-06-30 month=2025-05 status=READY
[bill]  invoices found: 0
[bill]  nothing to do, exit 0
```

दुसरी ओळ बघा. शेड्यूलर म्हणतोय १ जुलै, बिलिंग म्हणतंय ३० जून. पहिल्यांदा वाटलं घड्याळ बिघडलं, म्हणून बिलिंगच्या सर्व्हरवर जाऊन बघितलं:

```
$ date
Mon Jun 30 20:47:15 UTC 2025
$ date -d "-1 month" +%Y-%m
2025-05
```

घड्याळ एकदम बरोबर आहे, फक्त ते आपलं नाहीये, यूटीसी आहे. शनिवारी रात्री बिलिंग नवीन सर्व्हरवर हलवलं ना, तो यूटीसीवर लावलाय, आणि शेड्यूलर जुन्याच मशीनवर भारतीय वेळेत आहे. साडेपाच तासांचा फरक. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून जुलै लागला तेव्हा त्या सर्व्हरवर संध्याकाळचे सात वाजले होते आणि जूनच चालू होता. स्क्रिप्ट बिचारी "मागचा महिना" काढते, जूनचा मागचा महिना मे, मेची सगळी बिलं १ जूनच्या रनमध्येच BILLED झालेली, READY एकही नाही, म्हणून शून्य. आणि शून्य मिळाली की तिला वाटतं काम संपलं, एरर देतच नाही, म्हणून अलार्मही वाजला नाही. ती READY ची अट होती म्हणून वाचलो बरं का, नाहीतर लोकांना मेचं बिल दुसऱ्यांदा गेलं असतं आणि सकाळी कॉल सेंटरवाल्यांनी आपल्याला उभं केलं असतं.

तुम्ही विचाराल शनिवारनंतर दोन रात्री सगळं नीट कसं चाललं. रोजचे जॉब तारीख विचारतच नाहीत, पेंडिंग दिसेल ते उचलतात. आणि जूनची इनव्हॉइस READY करणारा जॉब काल रात्री साडेदहाला चालला, तो "चालू महिना" घेतो, तेव्हा दोन्हीकडे जूनच होता, त्यामुळे तो बरोबर पडला. महिना बदलतो त्या रात्रीच्या पहिल्या साडेपाच तासांतच हा घोळ होतो, आणि नेमका आपला रन त्याच खिडकीत आहे. तसं बघितलं तर सूचना मिळाली होती, काल पहाटेच्या कलेक्शन रिपोर्टवर तारीख एक दिवस मागची होती, मी हँडओव्हर रजिस्टरमध्ये लिहिलं पण होतं, दिवसपाळीने "टायपो असेल" लिहून टिक केलं.

आता पुढचं, ज्याच्यासाठी तुमचं ओके हवंय.

स्क्रिप्टला महिना हाताने देता येतो. `--month 2025-06 --dry-run` लावून बघितलं, ११,८४२ दाखवली, टेबलातल्या आकड्याशी जुळतात. मग लगेच का नाही चालवलं, तर इनव्हॉइसवरची तारीख स्क्रिप्ट सर्व्हरच्या घड्याळातून उचलते. आत्ता चालवलं तर सगळ्या बिलांवर ३० जून छापलं जाईल, ड्यू डेट एक दिवस आधी सरकेल, आणि अकाउंट्सच्या दृष्टीने ती बिलं जूनमध्ये काढल्यासारखी दिसतील, म्हणजे जीएसटीच्या रिटर्नमध्ये वेगळाच गोंधळ. एकदा नंबर पडले की ते सलग ठेवावे लागतात, पुसून परत काढता येत नाहीत, मग अकरा हजार क्रेडिट नोटा कोण करणार. मोह खूप झाला पण हात लावला नाही.

सर्व्हरचं घड्याळ पुढे ओढायचाही विचार आला होता, ऑन-कॉल डेव्हलपरला उठवून विचारलं, तो म्हणाला बिलकुल नको, पेमेंटच्या नोंदींच्या वेळा गडबडतील. बरोबर आहे त्याचं.

आपल्या पहाटे साडेपाचला त्या सर्व्हरवर पण १ जुलै लागतो. तेव्हा ५:४५ ला महिना हाताने देऊनच लावतो, साडेपाचनंतर तो आपोआप पण जून काढेल पण मला आज त्याच्यावर विश्वास नाहीये. साडेसहापर्यंत संपेल. एसएमएसची बॅच ९ ला आहे आणि बँकेला ऑटो-डेबिटची फाईल १०:३० पर्यंत द्यायची असते, दोन्ही गाठता येतील. एसएमएसची बॅच मी होल्डवर टाकलीय, पहिली वीस पीडीएफ उघडून तारीख आणि महिना बघेन, मगच सोडेन. तुमचा "हो" व्हॉट्सअॅपवर आला तरी चालेल. नाही आला तर मी रन लावणार नाही, साडेसहाला परत फोन करेन, ७:३० पर्यंत लावला तरी ९ गाठता येतं, त्याच्यापुढे मात्र एसएमएस उशिरा जातील.

स्क्रिप्टमध्ये तारीख काढताना `TZ=Asia/Kolkata` लावलं तर १ ऑगस्टला हे परत होणार नाही असं डेव्हलपर म्हणतोय, ते दिवसा टेस्ट करून टाका, रात्री मी कोडला हात लावत नाही. आणि मंथली रनला शून्य इनव्हॉइस मिळाली तर जॉब लाल झालाच पाहिजे, अकरा हजार ग्राहक असताना शून्य हे उत्तर असूच शकत नाही.

एक गोष्ट रागाने नाही पण लिहितो. शनिवारच्या मायग्रेशनच्या मेलमध्ये नाईट शिफ्टला कोणी ठेवलंच नव्हतं. टाइमझोन बदलतोय ही एक ओळ जरी आली असती तरी मी ३० तारखेला संध्याकाळीच विचारलं असतं. चार सेकंदांचा हिरवा टिक बघून मी पुढे गेलो ही माझी चूक, ती मी रजिस्टरमध्ये माझ्या नावाने लिहिलीय.

डेस्कवरच आहे, चहावाला आलाय खाली पण जात नाही. फोन चालू आहे.

नाईट ऑपरेटर, बिलिंग
१ जुलै २०२५, पहाटे ४:२०