रविवारची सराव परीक्षा: गरोदर बाई, बाळंतीण आणि बाळ (२५ मार्क, १ तास)

सगळ्यांनी आधी हे वाचा. आकडे आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या टेबलातलेच लिहायचे, जुन्या झेरॉक्समध्ये २०१० चे आहेत, तिथे गरोदरपणाचं लोह ३५ मिग्रॅ दिलंय, आता ते २७ आहे, मागच्या टेस्टला निम्म्या वर्गाने ३५ लिहिलं म्हणून परत सांगतेय. आणि नुसता आकडा लिहून थांबलात तर अर्धेच मार्क, ती बाई घरी गेल्यावर ताटात काय वाढणार हे आलं पाहिजे.

प्र. १ (५ मार्क) ५५ किलोची, बैठं काम करणारी बाई, एरवीची गरज १६६० किलोकॅलरी आणि ४५.७ ग्रॅम प्रोटीन. तिची दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीची आणि बाळंतपणानंतर पहिल्या ६ महिन्यांची गरज काढा.

गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीपासून ३५० कॅलरी जास्त, म्हणजे २०१०. प्रोटीन दुसऱ्या तिमाहीत ९.५ ग्रॅम वाढतं, तिसऱ्यात २२, म्हणजे ५५.२ आणि ६७.७. बाळंतिणीला ६०० कॅलरी आणि १६.९ ग्रॅम, म्हणजे २२६० आणि ६२.६. इथे बरेच जण दोन्ही तिमाहींना एकच प्रोटीन लावतात, तसं करू नका, शेवटच्या तीन महिन्यांत बाळ भराभर वाढतं म्हणूनच उडी आहे.

प्र. २ (५ मार्क) गरोदर बाईपेक्षा बाळंतिणीला जास्त कॅलरी का?

दूध दिवसाला साधारण ७५० मिली, १०० मिलीत ६५ ते ७० कॅलरी, म्हणजे ५०० च्या आसपास कॅलरी दुधातच जातात, वर ते दूध तयार करायलाही शरीराला ऊर्जा लागते. कॅल्शियमही इथे १२०० मिग्रॅ आहे, गरोदरपणात १०००. उदाहरणात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी चालेल पण नुसते लाडू लिहू नका, डाळ, अंडी, मासे, दूध पण हवं.

प्र. ३ (७ मार्क) कळव्याची २४ वर्षांची बाई, पाचवा महिना, हिमोग्लोबिन ९.२. लोहाची गोळी रोज घेते असं सांगते. विचारल्यावर कळतं, सकाळी चहाबरोबर घेते आणि कॅल्शियमची गोळीही तेव्हाच, कारण दोन्ही एकाच डब्यात ठेवल्यात. काय चुकतंय, काय सांगाल?

११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, ७ ते ९.९ मध्यम, म्हणजे ही मध्यम, त्यामुळे डॉक्टरांकडे पाठवायचं हे आधी लिहा. चहातले टॅनिन आणि कॅल्शियम दोन्ही लोह शोषू देत नाहीत. गोळ्यांच्या वेळा वेगळ्या, चहा जेवणानंतर तासाभराने तरी, आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर. सरकारी गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, गरोदरपणात १८० दिवस, बाळंतपणानंतर अजून १८०. शौचाला काळी होते आणि मळमळतं म्हणून बायका गोळी सोडतात, ते आधीच सांगितलं तर सोडत नाहीत, हे लिहिणाऱ्याला मी एक मार्क जास्तच देईन.

प्र. ४ (८ मार्क) ऐरोलीतलं ७ महिन्यांचं बाळ, वजन दोन महिने जागेवरच. आजी मायेने रोज वरणाचं वरचं पाणी आणि तांदळाची पातळ पेज भरवते, म्हणते, "पोट भरतं गो, मग शांत झोपतो." आजीला समजेल असं उत्तर लिहा.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण हे आपण रोज बघतो. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, वीनिंग म्हणजे दूध तोडणं नाही, म्हणूनच हल्ली पूरक आहार म्हणतात. ६ ते ८ महिन्यांत वरच्या खाण्यातून साधारण २०० कॅलरी लागतात आणि बाळाचं पोट किलोला ३० मिली, म्हणजे ७ किलोच्या बाळाचं २१० मिलीच. ते पाण्याने भरलं की डाळ जायला जागाच उरत नाही. खिमटी मऊ पण घट्ट, चमचा तिरका केला तरी लगेच ओघळायला नको, वर चमचाभर तूप, दिवसातून २-३ वेळा. नाचणी मोड आणून, सुकवून दळली की मोडातलं अमायलेज स्टार्च तोडतं, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजतं तरी खीर घट्ट गोळा होत नाही. एक वर्षाआधी मध नाही, बोटुलिझमचा धोका. आणि उत्तरात आजीला चुकीचं ठरवू नका, भरवणारी तीच आहे, तिच्याच पातेल्यातलं खालचं दाट वरण आधी काढून बाळाला द्यायला सांगा.

पेपर दुपारी ४ ला सुरू, वहीत काळ्या पेनने लिहा, कॅल्क्युलेटर चालेल.