गुरुवारचा काँट्रॅक्टचा पेपर: दहा ते एक

केतन,

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, पुस्तकं सोबत आहेत, मग वेळेचं एवढं काय?" आणि त्याच दमात सांगितलंस की सरावाच्या पेपरात पहिला प्रश्न सत्तर मिनिटं चालला आणि चौथ्याच्या वाट्याला सहा ओळी आल्या. पुस्तकं सोबत होती म्हणूनच ते झालं. बंद पुस्तकाच्या पेपरात जे आठवत नाही ते सोडून माणूस पुढे जातो. इथे "इथेच कुठेतरी होतं" म्हणत पानं उलटत बसतो. म्हणून खालचं वेळापत्रक एका कागदावर उतरवून बेअर ॲक्टच्या पहिल्या पानाला क्लिप लाव.

गुण 20, 25, 25 आणि 30, चारही प्रश्न सक्तीचे, एकूण 180 मिनिटं. एका गुणाला दीड मिनिट धरलं की लिहायला 150 लागतात. उरतात 30. त्यातली पंधरा सुरुवातीच्या वाचनाला, पंधरा शेवटी राखीव.

10:00 ते 10:15 वाचन
10:15 ते 10:52 सोपा वाटलेला 25 गुणांचा
10:52 ते 11:37 30 गुणांचा
11:37 ते 12:15 दुसरा 25 गुणांचा
12:15 ते 12:45 20 गुणांचा
12:45 ते 1:00 राखीव

सगळ्यात मोठा प्रश्न दुसरा का? पहिल्या दहा मिनिटांत हात थरथरतो, अक्षर बिघडतं, त्या वेळी 30 गुण पणाला लावू नयेत. आणि शेवटी ठेवला तर थकल्या डोक्याने लिहावा लागतो. 20 चा शेवटी, कारण उशीर झालाच तर नुकसान सगळ्यात कमी तिथे. 25 चे दोन्ही सारखेच अवघड वाटले तर कुठलाही आधी घे, पण ठरवायला अर्ध्या मिनिटाच्या वर लावू नकोस.

वाचनाची पंधरा मिनिटं तुला फुकट गेल्यासारखी वाटतील, बाकीचे लिहायला लागलेले दिसतील. दिसू देत. प्रत्येक प्रॉब्लेमची शेवटची ओळ आधी वाच: कुणाला सल्ला द्यायचाय, खरेदीदाराला की विक्रेत्याला? मग वरून वाचत तारखा, रकमा आणि वयं गोल कर. परीक्षक उगाच वय सांगत नाहीत. मुलगा सतरा वर्षांचा दिसला की समासात लगेच "कलम 11, मोहोरी बीबी 1903". होकार फोनवर दिलाय आणि दावा कुठल्या गावात लावायचा हा वाद आहे, तर "केडिया 1966". एवढंच, वाक्यं नकोत. चारही प्रश्नांचे हे चार-चार शब्द मागच्या पानावर उतरले की एक मोठा फायदा होतो: तू पहिला लिहीत असताना डोकं तिसऱ्यावर काम करत राहतं.

आता 30 गुणांचा प्रश्न कसा फोडायचा ते एका उदाहरणावर दाखवते. रत्नागिरीच्या बागायतदाराने कोल्हापूरच्या प्रक्रिया कारखान्याला 10 मेपर्यंत आठ टन हापूस पोचवायचा करार केला. न पोचवल्यास दोन लाख भरपाई, असं करारातच लिहिलंय. दरड कोसळून आंबा घाट बंद झाला. कुंभार्लीवरून कराडमार्गे जाता आलं असतं, भाडं बरंच वाढलं असतं. त्याने माल रत्नागिरीतच विकला. कारखान्याला सल्ला द्या.

पहिली सात मिनिटं फक्त आराखडा. दोनच मुद्दे: करार कलम 56 खाली सुटला का, आणि नसेल सुटला तर दोन लाख पूर्ण मिळतील का. पुढची पंचवीस मिनिटं लिखाण, त्यातली पंधरा पहिल्या मुद्द्याला. सत्यब्रत घोष (1954) मधून "अशक्य" म्हणजे केवळ शब्दशः अशक्य नव्हे, हे दोन ओळींत. मग लगेच घाटावर ये. दुसरा रस्ता होता. काम महाग झालं, अशक्य नाही, आणि एनर्जी वॉचडॉग (2017) नेमकं हेच सांगतो. बागायतदाराच्या बाजूचंही एक वाक्य हवं: हापूस नाशवंत, लांबच्या रस्त्याने खराब झाला असता का? गुण इथे आहेत, कलम उतरवून काढण्यात नाहीत. परीक्षकांकडेही बेअर ॲक्ट आहे.

उरलेली दहा कलम 74 ला. दोन लाख ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई. फतेहचंद (1963) आणि कैलाशनाथ (2015) एका परिच्छेदात बसतात. कारखान्याने बाजारातून चढ्या दराने आंबा घेतला का, याचा प्रॉब्लेममध्ये उल्लेख नसेल तर तसं म्हण आणि दोन्ही शक्यता लिही. शोधाशोधीला आठ मिनिटं, निष्कर्षाला तीन, उरलेली दोन श्वास घ्यायला. झाली पंचेचाळीस.

त्या आठ मिनिटांबद्दल. एका प्रश्नाला पुस्तक जास्तीत जास्त तीनदा उघडायचं, आणि एक गोष्ट दोन मिनिटांत सापडली नाही तर ती नाही असं धरायचं. मी दुसऱ्या वर्षाला एका निवाड्याचं साल शोधण्यात वीस मिनिटं घालवली. सापडलं, लिहिलं, आणि त्या पेपरात शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. साल नसतं तर काय गेलं असतं? फार तर अर्धा गुण. नाव आठवलं नाही तर "सर्वोच्च न्यायालयाने असं धरलंय" लिही आणि पुढे सरक.

बुधवारी रात्री नवीन काही वाचू नकोस. फक्त खुणेच्या पट्ट्या लाव: 2, 4, 10–11, 14 ते 19, 23, 27, 56, 65, 70, 73–74. याहून जास्त लावल्यास तर त्या पट्ट्यांचंच जंगल होतं. आणि एक पानभर अनुक्रमणिका: डावीकडे कलम, उजवीकडे निवाडे आणि तुझ्या नोट्सचा पान नंबर. तीन फायली नेण्यापेक्षा ते एक पान कामाला येईल.

ठरलेली मिनिटं संपली आणि उत्तर अर्धं आहे, तर दोन ओळींत निष्कर्ष लिही, अर्धं पान कोरं सोड, पुढच्या प्रश्नावर जा. कोणत्याही उत्तराचे पहिले पंधरा गुण शेवटच्या तिनापेक्षा फार स्वस्तात मिळतात. उधारी घ्यायचीच तर राखीव पंधरामधून, एका प्रश्नाला पाचच्या वर नाही. चौथ्याच्या तिसातून एक मिनिटही उचलायचं नाही, हे माझ्यासाठी तरी पाळ.

12:45 ला पेन खाली. कोरी सोडलेली अर्धी पानं भर, प्रश्न क्रमांक तपास, पुरवण्या बांध. "वादी" च्या जागी "प्रतिवादी" लिहिलंयस का ते बघ, सरावाच्या पेपरात दोनदा झालं होतं.

मोबाइल आत नेता येणार नाही आणि हॉलमधलं घड्याळ तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर असू शकतं, म्हणून बाबांचं मनगटी घड्याळ मागून घे. ते पाच मिनिटं पुढे लावलेलं असतं. बुधवारी रात्रीच त्यांना विचारून बरोबर लाव.

ताई